नांदुरीचा उतार, एक म्हैस आणि हरवलेले नऊ मीटर

गोदाकाठचा

मागच्या रविवारी सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे सायकलने उतरत होतो. एक वळण संपलं, रस्ता जरा सरळ झाला म्हणून हात सैल सोडले, आणि डावीकडच्या झुडपातून एक म्हैस रस्त्यावर आली. तिच्यामागे आणखी दोन. सायकलच्या मीटरवर ४० चा आकडा होता. दोन्ही ब्रेक दाबले. थांबलो तेव्हा म्हशीचं शिंग आणि माझं हँडल यांच्यात हातभर जागा उरली होती. म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघत राहिली. मागून आलेला गुराखी पोरगा म्हणाला, "दादा, घंटी तरी वाजवायची."

मला छळतोय तो हिशेब. गोदापार्कच्या सपाट रस्त्यावर सकाळी सहाला खडूची रेघ मारून माझे ब्रेक तपासले. २५ च्या वेगाने रेघेवर आलो की दोन्ही ब्रेक, असं सहा वेळा केलं. सरासरी ८ मीटरवर थांबलो. ताशी २५ किमी म्हणजे सेकंदाला ६.९४ मीटर. यावरून मंदन ३ निघालं, म्हणजे दर सेकंदाला वेग ३ मीटर/सेकंदाने उतरतो. मग शाळेतलं सूत्र लावलं. d थांबायचं अंतर, v वेग, t प्रतिक्रियेचा वेळ, a मंदन:

```
d = v*t + v*v/(2*a)
v = 11.11   t = 1   a = 3
d = 11.1 + 20.6 = 31.7
```

म्हणजे घाटात मी ३२ मीटरच्या आत थांबायला हवं होतं. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात म्हैस पहिल्यांदा दिसते त्या क्षणी मी एका तुटक्या कठड्याच्या बरोबर शेजारी आहे. बुधवारी कामानिमित्त कळवणला जाताना तिथे थांबून टेप लावला. कठड्यापासून थांबलो त्या ठिकाणापर्यंत ४१ मीटर. अर्धा मीटर इकडेतिकडे.

नऊ मीटर कुठे गेले?

---

चक्रम

उतार धरलाच नाहीस ना! त्या घाटात ॲप सरासरी ५ टक्के दाखवतं, मी नेहमी चढतो तिथे. उतार ५ टक्के तर अंतर ५ टक्क्यांनी जास्त. ३२ चे साडेतेहतीस कर. बाकीचे सात-आठ मीटर तू घाबरलास त्याचे.

---

लंबक

चक्रम, उतार धरायचा हे बरोबर, पण टक्क्याला टक्का लावू नका. चूक छोटी दिसते, पण तिनेच माणूस फसतो.

उतारावर ब्रेक न दाबता सायकल सोडली तर ती वेग घेते. ५ टक्के उतारावर गुरुत्वाकर्षणाची ओढ ९.८ च्या ५ टक्के, म्हणजे साधारण ०.४९. ब्रेकला आधी ही ओढ फेडावी लागते. त्यातून जे उरतं तेवढंच वेग कमी करायला मिळतं. तुमचे ब्रेक ३ चे. त्यातले ०.४९ उताराने खाल्ले, उरले २.५१. आता ब्रेक दाबल्यापासूनचं अंतर २०.६ ऐवजी २४.६ मीटर होतं. उतार ५ टक्के, पण या भागाची वाढ २० टक्के.

पुढची मेख जास्त महत्त्वाची. उतार ब्रेकमधून ठराविक रक्कम कापतो, हिस्सा नाही. घरभाड्यासारखं समजा. पगार तीस हजार असो की दहा हजार, भाडं तेवढंच. ज्याचे ब्रेक ५ चे, त्याला ही कपात फारशी जाणवत नाही. ज्याचे ब्रेक दीडचे, त्याचा तिसरा हिस्सा गेला. म्हणून सपाटीला "चालतंय की" वाटणारे ब्रेक घाटात अचानक दगा देतात. ब्रेक तेच असतात, शिल्लक कमी झालेली असते.

प्रतिक्रियेच्या वेळातलं अंतर मात्र उताराने जवळजवळ बदलत नाही. तेव्हा एकूण ११.१ अधिक २४.६, म्हणजे ३५.७. तरी पाच मीटर कमी पडतात. गोदाकाठचा, दोन गोष्टी बघा. ५ टक्के ही अख्ख्या घाटाची सरासरी आहे, त्या चाळीस मीटरचा उतार किती? आणि t = 1 तुम्ही मोजलात की मनाने घेतलात?

---

सातपूरकर फिटर

मी तीस वर्षं ब्रेक लायनर बसवलेत, सूत्रबित्र मला कळत नाही. पण वजनाचा कुणी विषयच काढत नाही? भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक एकाच जागी थांबतो का? माझं वजन ९५, पोराचं ५५. एकच सायकल. उतारावर तो थांबतो, मी जातो पुढे. भाऊ, तुझं वजन किती ते सांग आधी.

---

गोदाकाठचा

वजन ७३. सायकल १२ ची.

लंबक सर, t मनानेच घेतला होता. पुस्तकात एक सेकंद असतो म्हणून एक. व्हिडिओत हात खाली दिसतात, बोटं लिव्हरवर कधी आवळली ते बघता येईल. उतारासाठी फोनमधलं ॲप लावू का?

---

लंबक

फोन नको. तो हँडलवर वाकडा बसतो आणि एक-दीड अंशाची चूक सहज होते. एक अंश म्हणजे पावणेदोन टक्के, इथे तेवढ्याने निकाल फिरतो. जीपीएसची उंचीही चाळीस मीटरच्या तुकड्यात भरवशाची नाही. एक मीटरची सरळ फळी आणि गवंड्याची लेव्हल न्या. फळी रस्त्याच्या दिशेने ठेवा, बुडबुडा मध्ये येईपर्यंत खालचं टोक उचला, खालची फट पट्टीने मोजा. जितके सेंटिमीटर तितके टक्के. पाच-सहा ठिकाणी करा, डांबराला खड्डे-उंचवटे असतात.

फिटरभाऊ, तुमचं निरीक्षण खोटं नाही, पण ते कधी लागू होतं ते बघायला हवं. वजन दुप्पट झालं की थांबवायला जोर दुप्पट लागतो, पण टायरची रस्त्यावरची पकडही जवळपास दुप्पट होते. म्हणून टायर घसरण्याच्या किंवा सायकल पुढे उलटण्याच्या हद्दीपर्यंत ब्रेक लागत असेल, तर वजन हिशेबातून निघून जातं. पण हाताचा जोरच संपत असेल, लिव्हर हँडलला टेकत असेल, तर ब्लॉक रिमला जेवढा दाबतो तेवढाच दाबणार. मग ९५ किलोला तो कमी पडणार. तुमच्या बाबतीत हेच होतंय असं वाटतं.

---

सातपूरकर फिटर

लिव्हर टेकते हे खरं. केबल ताणायची राहिलीय. लोकांच्या गाड्या नीट करतो, आपली राहते.

पण सर, गड उतरताना मधेच ब्रेकला हात लावून बघा, रिम चटका देते. जड माणसाची जास्त. ते तर वजनाचंच ना?

---

लंबक

ते वजनाचंच, मान्य. उतरताना जी ऊर्जा रिममध्ये जाते ती वजनाच्या प्रमाणात. गरम झाल्यावर तुमच्या ब्लॉकची पकड किती उतरते हे ब्लॉकच्या मालावर आहे. त्याचा आकडा मी छातीठोकपणे देणार नाही.

---

म्हसरूळची आई

नमस्कार. मला यातलं फार कळत नाही, पण विषय उताराचा आहे म्हणून विचारते. आमची गल्ली उताराची आहे आणि खाली मोठ्या रस्त्याला मिळते. मुलगी सातवीत आहे, क्लासला सायकलने जाते. दुकानदाराने सायकल देतानाच पुढचा ब्रेक काढून दिला. म्हणाला, मुलं पुढचा दाबतात आणि तोंडावर पडतात, मागचा पुरेसा आहे. मला तेव्हा ते पटलं. आता इथे वाचून काळजी वाटायला लागली. प्रतिक्रियेचा वेळ म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक थांबायला लागतो तो वेळ ना? मग मागचा ब्रेक नवा टाकला तर तो कमी होईल का?

---

चक्रम

ताई, दुकानदार बरोबर आहे. पुढचा ब्रेक जोरात दाबला की सायकल उलटते. मी स्वतः कॉलेजरोडला सोनार दुकानासमोर लोटांगण घातलंय. साक्षीदार भरपूर आहेत.

---

लंबक

ताई, प्रतिक्रियेचा वेळ म्हणजे डोळ्याला दिसल्यापासून बोटं आवळेपर्यंतचा. तो मुलीचा आहे, ब्रेकचा नाही. त्या वेळात सायकल पूर्ण वेगानेच जात असते. ब्रेक नवा टाकून तो कमी होणार नाही. बोटं आधीच लिव्हरवर ठेवायची सवय असेल तर होईल.

आता पुढच्या ब्रेकचं. सायकल थांबताना सगळा भार पुढच्या चाकाकडे झुकतो आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला पकड कमी. त्यामुळे मागचा ब्रेक कितीही चांगला असला तरी एका हद्दीनंतर चाक लॉक होऊन फरफटतं. माझ्या सायकलच्या मापांवर हिशेब केला. दोन चाकांमधलं अंतर १ मीटर, माणसासकट गुरुत्वमध्य जमिनीपासून १.१ मीटर वर आणि पुढचं चाक जिथे टेकतं तिथून ६० सेंटिमीटर मागे. कोरडं डांबर. फक्त मागच्या ब्रेकने सपाटीला जास्तीत जास्त २.३ च्या आसपास मंदन मिळतं. पुढच्या ब्रेकने उलटण्याच्या हद्दीपर्यंत गेलं तर ५ च्या वर. म्हणजे दुपटीहून जास्त.

चक्रमरावांचं लोटांगण त्या हद्दीच्या पलीकडचं होतं. हात सैल असतील तर अंग पुढे सरकतं, गुरुत्वमध्य पुढे जातो आणि ती हद्द आणखी खाली येते. कोपर ताठ, बूड मागे, दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत दाबायचे, म्हणजे उलटायला वेळ लागतो.

उतारावर भाडं तेच. ८ टक्के उतार म्हणजे ०.७८ कापले. ५ चे उरतात सव्वाचार. २.३ चे उरतात दीड. तुमच्या मुलीकडे असलेला एकच ब्रेक उतारावर सगळ्यात जास्त मार खाणारा आहे.

---

म्हसरूळची आई

म्हणजे भीतीने जो काढला तोच कामाचा होता.

---

रानवाट

पावसाळ्याचं कुणी बोललं नाही. माझे ब्रेक रिमला लागणारे साधे आहेत. आषाढात त्र्यंबक रोडला एकदा ब्रेक दाबला आणि काहीच झालं नाही. चाकाचे तीन-चार फेरे गेल्यावर रिम पुसली गेली आणि मग एकदम पकड आली. एक फेरा सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे सात-आठ मीटर फुकट. तेव्हापासून पावसात वळणाच्या आधीच ब्रेक हलका घासत ठेवतो. माझ्या मते हे अंतर सूत्राच्या पहिल्या भागात धरावं, t मध्ये. लंबक सरांचं काय म्हणणं?

---

लंबक

पटलं. ब्रेक दाबलाय पण मंदन नाही, म्हणजे हिशेबाला तो प्रतिक्रियेचाच वेळ. ओल्या डांबरावर पकडही उतरते, ते a मध्ये वेगळं. एकाच पावसाचा फटका दोन्हीकडे बसतो.

---

गोदाकाठचा

आज परत जाऊन आलो. गवंडीकाकांकडून लेव्हल मागून नेली. फळी सहा ठिकाणी ठेवली. फट ७ ते ९ सेंटिमीटर, सरासरी ८. म्हणजे नेमका तो तुकडा ८ टक्क्यांचा. घाट एकंदर ५ चा असला तरी वळणानंतर रस्ता दणकन खाली जातो, चढताना पायांना हे कळतं, उतरताना लक्षातच येत नाही. तो गुराखी पोरगा पुन्हा भेटला. फळी बघून विचारतो, "रस्ता नवीन होणारे का?"

मग व्हिडिओ एकेक फ्रेम सरकवून पाहिला. सेकंदाला ३० फ्रेम. झुडपातून म्हशीचं तोंड दिसतं तिथपासून बोटं लिव्हरवर आवळेपर्यंत ३५ फ्रेम. म्हणजे १.१७ सेकंद. मधल्या दहा-बारा फ्रेम हात वरच्या पट्टीवरून लिव्हरपर्यंत सरकण्यात गेल्यात. हात सैल सोडले होते म्हटलं ना, ते हे.

आता:

```
a = 3 - 9.8*0.08 = 2.22
d = 11.1*1.17 + 123.5/(2*2.22)
d = 13.0 + 27.8 = 40.8
```

टेपने ४१. हरवलेल्या नऊ मीटरपैकी सात उताराने खाल्ले आणि दोन माझ्या हातांनी. म्हशीचा काही दोष नाही.

---

शंकासुर

जुळलं म्हणून नाचू नका. सायकलचा मीटर चाकाच्या घेरावर चालतो. घेर जरा चुकीचा भरला असेल आणि खरा वेग ४१ असेल, तर तुमच्याच सूत्राने उत्तर साडेबेचाळीस येतं. शिवाय २५ ला रेघेवर ठरवून दाबलेला ब्रेक आणि म्हैस बघून दाबलेला ब्रेक सारखाच कसा? आणि बोटं आवळेपर्यंत त्या सव्वा सेकंदात उतारावर वेग वाढला असेल, तोही धरलेला नाही. तीन चुका एकमेकींना खाऊन उत्तर बरोबर आलेलं असू शकतं.

---

लंबक

वेग वाढण्याचं मी करून पाहिलं. ४० ला हवेचा रोध बराच असतो, त्यामुळे ८ टक्क्यांवरही वेग सेकंदाला ०.३ मीटर/सेकंदानेच वाढतो. त्याने दोन-सव्वादोन मीटर अंतर वाढतं. पण तोच हवेचा रोध ब्रेकच्या सुरुवातीला मदत करतो, त्याने दीडेक मीटर परत मिळतं. गोळाबेरीज मीटरच्या आत, म्हणून दोन्ही सोडले. हा सरळ बसलेल्या माणसाचा हिशेब आहे. खाली वाकून उतरणाऱ्याला हवा एवढी मदत करणार नाही.

बाकी दोन शंका रास्त आहेत. घेर मोजता येईल. घाबरलेला हात किती दाबतो हे गोदापार्कात कळणार नाही, आणि मुद्दाम म्हैस आणण्याचा सल्ला मी देणार नाही.

---

गोदाकाठचा

घेर मी कंपनीच्या तक्त्यातून भरला होता. उद्या टायरला खडूची खूण करून लोळवून बघतो.

पण मला खरं हवं होतं ते उलट गणितातून मिळालं. त्या घाटात काही वळणांनंतर जेमतेम २५ मीटर रस्ता दिसतो. दिसेल तेवढ्यात थांबायचं, १.२ सेकंद धरायचे आणि मंदन २.२२. तर वेग साडेएकोणतीसच्या वर चालत नाही. सपाटीला त्याच २५ मीटरसाठी ३३ चालले असते. मी तिथून ४० ने येत होतो. आता वळणाला मीटरवर २८ दिसेपर्यंत ब्रेक सोडत नाही.

---

चक्रम

२८ ने उतरायचं तर चढायचं कशाला? मी तर ५५ ने उतरतो, आजवर म्हैस आडवी आली नाही.

---

शंकासुर

म्हशीला कळवून ठेवा.

---

सातपूरकर फिटर

म्हसरूळच्या ताई, सायकल घेऊन या रविवारी सातपूरला. पुढचा ब्रेक बसवून देतो, ब्लॉक माझ्याकडे पडलेत. पैसे नको. पण लिव्हर मुलीच्या हाताच्या मापाची आहे का ते बघावं लागेल. लहान बोटं पोचत नाहीत, मग पोरं नुसतं टोकाने ओढतात आणि ब्रेक अर्धाच लागतो. आतल्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर जवळ येते. दुकानात कुणी फिरवून देत नाही.

---

म्हसरूळची आई

भाऊ, रविवारी आलो होतो, तुम्ही पाहिलंतच. घरी येऊन मुलीने गोदाकाठच्या दादांसारखी खडूची रेघ मारली. अपार्टमेंटच्या सपाट पार्किंगमध्ये, २० च्या वेगाने. तिचे बाबा टेप धरून. फक्त मागचा ब्रेक: साडेसहा मीटर, आणि चाक फरफटून काळा पट्टा. दोन्ही ब्रेक: साडेचार. पहिल्या वेळी तिने पुढचा एकदम दाबला आणि मागचं चाक वितभर उचललं. मी ओरडलेच. मग तिनेच सांगितलं, "आई, हळूहळू दाबायचा असतो." नंतरच्या पाच वेळा काही झालं नाही.

गल्लीत फळी ठेवून पाहिली, ६ सेंटिमीटर आले. लंबक सर, तुमच्या भाड्याने हिशेब केला. २० च्या वेगाला मागच्या ब्रेकने पावणेनऊ मीटर, दोन्हींनी साडेपाच. बरोबर आहे का? आणि यात तिचा हात पोचेपर्यंतचे सहा-सात मीटर दोन्हीकडे मिळवायचे ना?

---

लंबक

दोन्ही बरोबर. आणि ते सहा-सात मीटर कोणत्याच ब्रेकने कमी होणार नाहीत. गल्लीच्या तोंडाला येताना बोटं लिव्हरवर आहेत का, तेवढं बघा.